गिफ्ट व्हाउचरचा हिशेब: विकलं तेव्हा देणं, माल दिला तेव्हा विक्री

दिवाळीच्या तोंडावर काउंटरवर दोन हजारांचं गिफ्ट व्हाउचर विकलं जातं, तेव्हा गल्ल्यात पैसे येतात पण दुकानातून माल बाहेर जात नाही. नव्याने हिशेब लिहायला बसलेल्या माणसाचा हात अशा वेळी सवयीने टॅलीत F8 कडे, म्हणजे विक्रीच्या एंट्रीकडे जातो. पैसे आले म्हणजे विक्री झाली, असं वाटणं स्वाभाविक आहे. पण इथे दुकानाने काहीच विकलेलं नाही. 'हे घेऊन जो कोणी येईल त्याला दोन हजारांचा माल देईन' एवढा शब्द दिला आहे. शब्द पाळेपर्यंत ते दोन हजार दुकानाच्या डोक्यावरचं देणं आहे.

हा लेख फक्त एका प्रकारच्या व्हाउचरबद्दल आहे: दुकानदाराने स्वतः छापलेलं, स्वतःच्याच दुकानात चालणारं, मालासाठीचं व्हाउचर. अशा व्हाउचरला रिझर्व्ह बँकेची परवानगी लागत नाही, कारण ते ज्याने दिलं त्याच्याकडेच वापरता येतं आणि त्याचे रोख पैसे मिळत नाहीत. हे दुसरं कलम काउंटरवरच्या मुलांना आधीच सांगून ठेवा. 'माल नको, पैसेच द्या' म्हणणारं गिऱ्हाईक येतंच.

उदाहरणासाठी नाशिकमधलं तयार कपड्यांचं एक काल्पनिक दुकान धरू. १ ते २० ऑक्टोबर २०२५ या दिवसांत त्याने दोन हजारांची ५० व्हाउचर विकली. एकूण रक्कम १,००,००० रुपये, मुदत विकल्या दिवसापासून बारा महिने.

आधी खातं आणि रजिस्टर

पहिलं व्हाउचर विकण्याआधी 'गिफ्ट व्हाउचर देणी' नावाचं खातं उघडा आणि ते चालू देण्यांच्या गटात टाका. हे खातं इतर गिऱ्हाइकांच्या आगाऊ रकमांत मिसळू नका. शिवायला टाकलेल्या ब्लेझरची अनामत आणि गिफ्ट व्हाउचर एकाच खात्यात गेले की वर्षअखेरीस कुणाचं काय उरलंय हे शोधता येत नाही.

सोबत एक रजिस्टर ठेवा. एक्सेलची साधी शीट चालते. प्रत्येक व्हाउचरला एक ओळ: क्रमांक, विक्रीची तारीख, रक्कम, मुदत कधी संपते, कोणत्या बिलावर वापरलं, किती वापरलं, किती उरलं. टॅलीतलं खातं एकूण रक्कम सांगतं, रजिस्टर एकेका व्हाउचरची कहाणी सांगतं. दोन्ही लागतात, आणि त्यांची गाठ दर महिन्याला घालायची असते. तिच्याकडे पुढे येऊ.

विक्रीची नोंद

व्हाउचर विकलं की टॅलीत F6, म्हणजे जमेची एंट्री:

रोख / बँक खाते – नावे २,०००
गिफ्ट व्हाउचर देणी खाते – जमा २,०००

गिऱ्हाइकाला साधी पावती द्या, कर बीजक नाही. पावतीवर जीएसटी दाखवू नका, कारण या टप्प्यावर तो लागत नाही.

हा मुद्दा बरीच वर्षं वादाचा होता. जुन्या नियमानुसार व्हाउचर देतानाच कोणता माल दिला जाणार हे ठरलेलं असेल तर कर तेव्हाच, नाहीतर वापराच्या दिवशी, अशी विभागणी होती. डिसेंबर २०२४ मध्ये जैसलमेरला झालेल्या जीएसटी परिषदेच्या ५५ व्या बैठकीनंतर ३१ डिसेंबर २०२४ च्या परिपत्रकाने (क्रमांक २४३/३७/२०२४) स्पष्ट केलं की व्हाउचरचा व्यवहार हा स्वतः मालाचा पुरवठाही नाही आणि सेवेचाही नाही. त्या व्हाउचरवर जो माल दिला जाईल, कर त्याच्यावर. पाठोपाठ २०२५ च्या वित्त कायद्याने जुनी विभागणी करणारी पोटकलमंही वगळली. तुमच्या हाती २०२४ च्या आधीचं एखादं मार्गदर्शक पुस्तक असेल तर त्यातला हा भाग बाजूला ठेवा.

कपड्यांच्या दुकानात तर विक्रीच्या दिवशी कर काढणं जमणारही नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून तयार कपड्यांवर नगामागे २,५०० रुपयांपर्यंत ५ टक्के आणि त्यावर १८ टक्के जीएसटी आहे. तेच व्हाउचर घेऊन कुणी शर्ट घेईल, कुणी भारी ब्लेझर घेईल. शर्ट घेतला तर त्या दोन हजारांत ९५.२४ रुपये कर दडलेला आहे, ब्लेझर घेतला तर ३०५.०८ रुपये. व्हाउचर विकताना यातलं काय होणार हे कुणालाच माहीत नसतं.

आमच्या उदाहरणात महिन्याअखेर खात्यात १,००,००० रुपये जमा दिसतील, विक्री शून्य. मालकाला हे खटकतं. 'लाखाचा गल्ला झाला आणि तू विक्री शून्य म्हणतोस?' या प्रश्नाची तयारी ठेवा. उत्तर एवढंच की मालाचा साठाही एका नगाने कमी झालेला नाही.

वापराची नोंद: सगळा घोळ इथेच होतो

नोव्हेंबरमध्ये एक बाई व्हाउचर घेऊन येतात आणि तीन शर्ट घेतात. प्रत्येकी १,०५० रुपये, करासह. बिल ३,१५० रुपयांचं: माल ३,०००, सीजीएसटी ७५, एसजीएसटी ७५. व्हाउचरचे २,००० आणि उरलेले १,१५० यूपीआयने. बिल पूर्ण ३,१५० चंच बनवायचं आणि नोंद अशी:

गिफ्ट व्हाउचर देणी खाते – नावे २,०००
बँक खाते – नावे १,१५०
विक्री खाते – जमा ३,०००
सीजीएसटी – जमा ७५
एसजीएसटी – जमा ७५

व्हाउचर इथे रोख रकमेच्या जागी आलं आहे. ती पैसे देण्याची पद्धत आहे, सवलत नव्हे. हे एक वाक्य बिलिंगच्या संगणकाला चिकटवून ठेवावं असं मला मनापासून वाटतं. कारण बिलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये व्हाउचरसाठी वेगळी पेमेंट पद्धत आधी तयार केलेली नसेल, तर गर्दीच्या वेळी काउंटरवरचा मुलगा हाताशी असलेलं 'डिस्काउंट'चं बटण दाबतो, त्यात २,००० टाकतो आणि मोकळा होतो. गिऱ्हाईक खूश, यूपीआयचे १,१५० बरोबर आले, संध्याकाळी गल्लाही जुळला. कुणालाच काही खटकत नाही.

आता हिशेबात काय झालं ते पाहा. सॉफ्टवेअरने ३,१५० मधून २,००० वजा केले आणि उरलेल्या १,१५० मधून कर काढला: माल १,०९५.२४, कर ५४.७६. भरायचा कर १५० होता, म्हणजे ९५.२४ रुपये कमी गेले. विक्री ३,००० ऐवजी १,०९५.२४ दिसली, म्हणजे १,९०४.७६ ने कमी. हे दोन आकडे मिळवले की बरोबर २,००० होतात, आणि तेच २,००० देणी खात्यात जसेच्या तसे पडून राहतात. शर्ट दुकानाबाहेर गेले, पण हिशेबाच्या मते दुकान अजून त्या व्हाउचरचा माल देणं लागतं. वर्षाअखेर असं व्हाउचर 'न वापरलेलं' म्हणून उत्पन्नात गेलं तर चूक दुप्पट होते. ज्यावर कर लागतो अशी विक्री, कर न लागणाऱ्या उत्पन्नाचा मुखवटा घालून ताळेबंदातून बाहेर पडते.

म्हणून व्हाउचर छापायला देण्याआधी सॉफ्टवेअरमध्ये रोख, कार्ड, यूपीआय यांच्या रांगेत 'गिफ्ट व्हाउचर' ही पेमेंट पद्धत तयार करा आणि ती थेट देणी खात्याला जोडा. व्हाउचर क्रमांक टाकल्याशिवाय बिल पुढेच जाणार नाही अशी सोय मिळत असेल तर ती घ्याच.

डिस्काउंटच्या बटणाचा मोह होण्याचं आणखी एक कारण आहे. बरीच दुकानं फुकटची कूपनंही वाटतात: 'पुढच्या खरेदीवर ३०० रुपये सूट'. ते कागदी कूपन दिसायला व्हाउचरसारखंच असतं, पण त्याचे पैसे कुणी दिलेले नसतात. ते वाटताना कोणतीच नोंद होत नाही, आणि वापरलं जातं तेव्हा ती खरीच सवलत असते, बिलावर दाखवून करपात्र रकमेतून वजा करता येते. विकत दिलेलं व्हाउचर आणि फुकट दिलेलं कूपन यांचे रंग वेगळे ठेवा, क्रमांकही वेगळ्या मालिकेतले. व्हाउचरला 'जी' आणि कूपनला 'सी' एवढं पुरतं.

थोडं वापरलं, परत केलं

दुसरं गिऱ्हाईक १,४७० रुपयांचीच खरेदी करतं. देणी खात्याला १,४७० नावे पडतील, २,००० नव्हे. उरलेले ५३० त्याच क्रमांकावर रजिस्टरमध्ये शिल्लक दाखवा किंवा नवी चिठ्ठी द्या. खात्यात ते आपोआप देणं म्हणून राहतातच. काही दुकानं व्हाउचरवर 'एकाच खरेदीत वापरावे, उरलेली रक्कम मिळणार नाही' असं छापतात. तशी अट खरोखर छापलेली असेल आणि पाळली जात असेल तर ५३० तेव्हाच उत्पन्नात नेता येतात. माझ्या मते ती अट ठेवूच नये. ५३० रुपयांसाठी काउंटरवर होणारी वादावादी महाग पडते, आणि मालक शेवटी 'जाऊ द्या, देऊन टाका' म्हणणारच असेल तर छापलेल्या अटीला हिशेबात काही किंमत नाही.

व्हाउचरने घेतलेला शर्ट परत आला तर क्रेडिट नोट बनवा. त्यात विक्री आणि कर दोन्ही उलटतील, पण पैसे रोखीत परत न देता देणी खात्याला पुन्हा जमा करा आणि रजिस्टरची शिल्लक वाढवा. नाहीतर शर्टाच्या आडवाटेने व्हाउचर रोखीत बदलून देण्याची सवय लागते.

महिन्याची गाठ

महिन्याच्या शेवटच्या दिवशी रजिस्टरमधल्या सगळ्या शिलकांची बेरीज करा आणि ती देणी खात्याच्या शिलकेशी लावा. जुळली तर पुढे चला. जुळली नाही तर फरकाची दिशा आणि आकडाच बहुतेक वेळा कारण सांगतो.

खात्यात रजिस्टरपेक्षा जास्त रक्कम आहे आणि फरक २,००० च्या पटीत आहे, तर डिस्काउंटचं बटण दाबलं गेलं आहे. त्या महिन्याच्या बिलांत २,००० सवलतीची बिलं शोधा, सापडतीलच. उलट खात्यात कमी आहे, तर दोन शक्यता. एक, कुणीतरी व्हाउचरची विक्री F8 ने थेट विक्री म्हणून टाकली. त्या व्हाउचरवर माल गेला की तीच रक्कम दुसऱ्यांदा विक्रीत येईल. दुसरी, एकच व्हाउचर दोनदा वापरलं गेलं. व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवून 'ताईला दाखव' म्हणणारे असतात. मूळ कागद घेऊन त्यावर 'वापरले'चा शिक्का न मारणाऱ्या काउंटरवर हे हमखास होतं. फरक ५३० सारखा सुटा आकडा असेल तर अर्धवट वापरलेल्या व्हाउचरची पूर्ण रक्कम नावे पडली आहे.

चूक त्याच महिन्यात सापडली तर जीएसटीचं विवरण भरण्याआधी दुरुस्त होते. मार्चमध्ये सापडली तर त्या ९५.२४ वर व्याजही मोजावं लागतं.

न वापरलेली रक्कम

समजा ३१ मार्च २०२६ पर्यंत ५४,००० रुपयांची व्हाउचर वापरून झाली. ४६,००० उरली, मुदत ऑक्टोबरपर्यंत आहे. लहान दुकानाने, म्हणजे एकट्या मालकाच्या किंवा भागीदारीच्या धंद्याने, इथे काहीच करू नये. ४६,००० ताळेबंदात देणं म्हणून दाखवावं आणि थांबावं.

२० ऑक्टोबर २०२६ पर्यंत आणखी ३३,००० वापरली गेली असं धरा. आता १३,००० उरले आणि शेवटच्या व्हाउचरचीही मुदत संपली. नोंद F7 ने, म्हणजे जर्नल एंट्रीने:

गिफ्ट व्हाउचर देणी खाते – नावे १३,०००
न वापरलेल्या व्हाउचरचे उत्पन्न खाते – जमा १३,०००

या रकमेवर जीएसटी लागत नाही. त्याच डिसेंबर २०२४ च्या परिपत्रकात हे सांगितलं आहे: माल दिलाच नाही, म्हणजे पुरवठा नाही, म्हणून करही नाही. आयकराला मात्र ही पळवाट नाही. रक्कम उत्पन्नात आली की त्या वर्षीच्या करपात्र नफ्यातही येते. या १३,००० मागे १३,००० च्या ओळी रजिस्टरमध्ये, क्रमांकासकट, दाखवता आल्या पाहिजेत. कर अधिकारी किंवा ऑडिटर हीच यादी मागतो, कारण त्याला तपासायचं असतं ते हेच की यात माल दिलेलं एखादं व्हाउचर तर लपलेलं नाही ना.

शेअर बाजारात नोंदलेल्या किंवा २५० कोटी आणि त्याहून जास्त नेटवर्थ असलेल्या कंपन्यांना इंड एएस ११५ हे उत्पन्नाच्या नोंदीचं लेखा मानक लागू होतं, आणि तिथे वाट पाहून चालत नाही. मागच्या वर्षांच्या अनुभवावरून किती व्हाउचर वापरली जाणारच नाहीत याचा भरवशाचा अंदाज असेल, तर ते उत्पन्न वापराच्या प्रमाणात हळूहळू घ्यायचं असतं. आपलीच उदाहरणातली रक्कम धरू. अनुभव सांगतो की १० टक्के, म्हणजे १०,००० वापरले जात नाहीत. मग वापर अपेक्षित आहे ९०,००० चा. मार्चपर्यंत ५४,००० वापरले, म्हणजे अपेक्षित वापराच्या ६० टक्के. म्हणून १०,००० चे ६० टक्के, ६,००० रुपये, मार्च २०२६ च्या वर्षातच उत्पन्नात घ्यायचे. देणं उरतं १,००,००० वजा ५४,००० वजा ६,०००, म्हणजे ४०,०००. ऑक्टोबरपर्यंत ३३,००० वापरले गेले की ७,००० उरतात, ते मुदत संपल्यावर उत्पन्नात. दोन्ही वर्षं मिळून तेच १३,०००. फरक फक्त कोणत्या वर्षी किती दिसले याचा आहे. आणि व्हाउचर पहिल्यांदाच काढली असतील, अनुभवच नसेल, तर मोठ्या कंपनीलाही अंदाज बांधता येत नाही. वापराची शक्यता जवळपास संपेपर्यंत थांबावंच लागतं.

बारा महिन्यांच्या मुदतीबद्दल आणखी एक गोष्ट. तुमचं दुकान प्रायव्हेट लिमिटेड कंपनी असेल तर मालासाठी घेतलेली आगाऊ रक्कम ३६५ दिवसांत मालाशी जुळवली गेली नाही तर ती कंपनी कायद्याच्या ठेवींच्या नियमांत अडकू शकते. दोन वर्षांची मुदत छापण्याआधी आपल्या सीएशी बोलून घ्या.

मुदत संपल्यावर आलेलं गिऱ्हाईक

छापलेली तारीख उलटली तरी ओळखीच्या माणसाला परत पाठवायचं नाही, अशी बऱ्याच दुकानांची रीत असते. रीत चांगली आहे, पण मग हिशेबातही ती मानावी लागते. तुम्ही दरवर्षी डिसेंबरपर्यंत जुनी व्हाउचर चालवत असाल तर २० ऑक्टोबरला देणं संपलं असं म्हणता येत नाही. १३,००० ची एंट्री डिसेंबर संपल्यावरच टाका.

तरीही उत्पन्नात नेल्यानंतर जानेवारीत कुणी दोन हजारांचं व्हाउचर घेऊन आलं आणि मालकाने होकार दिला, तर बिल नेहमीसारखंच पूर्ण बनवा, कर पूर्ण लावा. समजा बिल २,१०० चं आहे आणि १०० रोख आले:

न वापरलेल्या व्हाउचरचे उत्पन्न खाते – नावे २,०००
रोख खाते – नावे १००
विक्री खाते – जमा २,०००
सीजीएसटी – जमा ५०
एसजीएसटी – जमा ५०

देणी खात्याला इथे हात लावू नका. त्यात या व्हाउचरची रक्कम आता नाही, आणि नावे टाकली तर दुसऱ्या कुणाच्या तरी व्हाउचरचे दोन हजार खाल्ले जातील. रजिस्टरमध्ये त्या क्रमांकासमोर बिल नंबर लिहा आणि शेजारी 'मुदतीनंतर, मालकांच्या संमतीने' एवढी टीप टाकून मालकांची सही घ्या.